अठरा दिवस आत राहिलेला टॅम्पॉन : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

सुजाता (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आली ती आईबरोबर. वय चोवीस, लग्न झालेलं नाही. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात घर, नोकरी बेळगावात टिळकवाडीच्या एका ऑफिसात हिशेब लिहिण्याची. रोज सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने परत. बोलली आईच. "पोरीच्या अंगावरून जायलंय बघा मॅडम. आणि वास यायलाय, लई घाण." सुजाता मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी विचारलं ते असं : खाज येते का, जळजळ होते का, ताप आहे का, पोटात दुखतं का? सगळ्याला नाही. पाळी कधी आली? अकरा दिवसांपूर्वी, नेहमीसारखी, पाच दिवसांत थांबली. स्राव कसा? पातळ, मळकट, जरा तपकिरी. त्याआधी तिने बेळगावातल्या एका औषध दुकानातून स्वतःच काहीतरी आणलं होतं. पाकीट बघितलं तर ते बुरशीच्या संसर्गावरचं होतं : एक तोंडाने घ्यायची गोळी आणि आत सरकवायच्या काही गोळ्या. फरक शून्य. जाहिरातीतलं एक वॉशही दिवसातून तीन वेळा वापरत होती.

बाहेर बाकावर आठ-दहा पेशंट होते, आई समोर बसली होती आणि मुलगी अविवाहित. मी आतून तपासलं नाही. वास आहे, खाज नाही, स्राव पातळ आहे, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीमार्गातल्या जंतूंचा तोल बिघडल्याने होणारा त्रास, असणार असं धरून मेट्रोनिडॅझोल चारशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस असं लिहून दिलं आणि तिला पाठवलं. हे प्रकरण लिहायचं कारण त्या दहा मिनिटांत आहे. जो प्रश्न विचारायला हवा होता तो मी विचारला नाही, आणि जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलं नाही.

वास कुठला ठीक, कुठला नाही

आमच्याकडे वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या जणींना मी काही औषध देत नाही, कारण त्यांना आजार नसतो. पाळीच्या रक्ताला वास असतोच. ताज्या रक्ताचा वास लोखंडासारखा, जुनी नाणी हातात धरून ठेवल्यावर तळव्याला येतो तसा. रक्तातल्या लोहामुळे तो येतो. तेच रक्त पॅडवर चार-पाच तास राहिलं की हवा लागते, घाम मिसळतो, जंतू त्यावर काम सुरू करतात आणि वास आंबूस, शिळा होतो. पाळीच्या शेवटच्या दिवसांत रक्त कमी आणि जुनं असतं, म्हणून ते तपकिरी दिसतं आणि वासही जरा वेगळा येतो. आंघोळ करून पॅड बदललं की जो वास जातो, तो अंगाचा नसून पॅडचा असतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळ बायकांना कोणी सांगितलेली नसते. योनीमार्ग एरवी आंबट असतो. तिथे राहणारे लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्या जंतूंना तिथे वाढता येत नाही. पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे ते आंबट नाही. म्हणून पाळीच्या चार-पाच दिवसांत तो आंबटपणा उतरतो आणि पाळी संपता संपता किंचित मासळीसारखा वास येऊ शकतो. दोन-तीन दिवसांत आंबटपणा परत येतो आणि वास आपोआप जातो. त्यासाठी काही लावायचं नाही, आत काही धुवायचंही नाही. वॉश आत घालून धुतलं तर चांगले जंतूच वाहून जातात आणि वास वाढतो.

खानापूर भागात अजून एक कारण असतं, पुस्तकात सहसा न सापडणारं. कणकुंबीकडच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पाळीचं कापड तर उघड्यावर घालायची लाज, म्हणून ते दुसऱ्या कपड्याच्या खाली, मागच्या पडवीत दोरीवर. ते दमट राहतं, कुबट होतं, आणि तो कुबट वास बाई आपल्या अंगाचा समजते. जुलैमध्ये मला अशा दोन-तीन जणी हमखास भेटतात. त्यांना मी एवढंच सांगते : आंघोळ करा, पूर्ण वाळलेली, शक्य तर इस्त्री केलेली निकर घाला, आणि दोन तासांनी बघा. वास आला नाही तर दोष कापडाचा.

न जाणारा, रोज वाढणारा, आंघोळीनंतर तासाभरात परत येणारा वास मात्र वेगळा. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये वास मासळीचा, स्राव पातळ आणि पांढुरका-राखाडी, खाज बहुधा नाही. संबंधानंतर आणि पाळीच्या आसपास वास जास्त जाणवतो. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गातही मासळीचा वास येतो, पण स्राव पिवळट-हिरवा, कधी फेसाळ, आणि बहुतेक वेळा खाज-जळजळ असते. तो संबंधातून पसरतो, म्हणून जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. बुरशीच्या संसर्गात, म्हणजे घट्ट, दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असते तेव्हा, तीव्र वास नसतो. सुजाताला दुकानातून मिळालेलं औषध याच शेवटच्या आजाराचं होतं, आणि तिला ना खाज होती ना घट्ट स्राव. वास म्हटलं की बुरशीचं पाकीट पुढे करायचं, ही सवय औषध दुकानांत फार पक्की झालेली आहे.

दुसरी भेट

नऊ दिवसांनी ती परत आली, या वेळी एकटी, ऑफिसातून अर्धा दिवस सुटी घेऊन. औषध सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास बराच कमी झाला होता. तिला वाटलं, सुटलो. गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी तोच वास, पहिल्यापेक्षा जास्त. "मॅडम, काल बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. ऑफिसात पंखा चालू झाला की तिला धडकी भरायची. दोन दिवस ती जेवायला इतर मुलींबरोबर बसली नव्हती.

औषधाने वास कमी होणं आणि औषध थांबताच तसाच परत येणं, ही माझ्या मनात घंटा वाजवणारी गोष्ट होती. व्हजायनोसिस पुन्हा होतो, नाही असं नाही, पण तो बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तीन दिवसांत, इतक्या जोरात नाही. जंतू मेले होते, पण ते ज्याच्यावर वाढत होते ती वस्तू आत तशीच असावी. शिवाय वास मासळीचा नव्हता. ती खुर्चीवर बसली तेव्हाच तो मला आला. तो सडलेल्या मांसाचा वास होता.

मी दार लावलं आणि विचारलं, "पाळीत काय वापरतेस गं?"

"पॅड."

"पॅडशिवाय कधी काही? कप, टॅम्पॉन, कापूस? आत ठेवायचं असं काही?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकदाच. गोव्याला गेलो होतो तेव्हा. पण मी काढला होता की, मॅडम."

हळूहळू सगळं सांगितलं. ऑफिसातल्या मुली अनमोड घाटाने दोन दिवस गोव्याला गेल्या होत्या. त्यातली एक पुण्यात शिकलेली, तिच्याकडे टॅम्पॉन होते, म्हणजे पाळीचं रक्त शोषून घ्यायला आत सरकवायच्या, दोरी लावलेल्या कापसाच्या वळकट्या. सुजाताची पाळी आदल्याच दिवशी आलेली. समुद्रात जायचं म्हणून मैत्रिणीने तिला कसा घालायचा ते शिकवलं. पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्त जास्त होतं. दुपारी एक घातला, तीन-चार तासांनी दुसरा घातला, घाईत, समुद्रावरच्या कपडे बदलायच्या खोलीत. पहिला काढला की नाही, हे तिला नीट आठवत नव्हतं. रात्री दोरी ओढून एक काढला आणि पॅड लावलं. दुसऱ्याने पहिल्याला आत ढकललं होतं, पहिल्याची दोरीही त्याच्याबरोबर आत गेली होती. तिने मोजला एक. आत होते दोन. त्याला आज अठरा दिवस झाले होते.

हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. वरच्या टोकाला योनीमार्ग बराच सैल असतो, तिथे अडकलेली वस्तू जाणवत नाही, दुखत नाही. बसताना, चालताना काही कळत नाही. मैत्रिणींनी "काय गं, एवढंही लक्षात नाही" म्हटलं तर ते अन्यायाचं आहे.

तिची पहिली भीती वेगळी होती. "तो पोटात गेला असेल का?" नाही. योनीमार्ग ही वरून बंद असलेली पिशवी समजा, साधारण आठ-दहा सेंटिमीटर खोल. तिच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याचं छिद्र इतकं बारीक की टॅम्पॉन त्यातून जाऊच शकत नाही. हरवला तरी तो तिथेच असतो. दुसरी भीती तिने बोलून दाखवली नाही, पण तीच मोठी होती. मी आपणहून सांगितलं की तपासणीसाठी सर्वांत लहान आकाराचं उपकरण घेईन, नको म्हणालीस तर तिथेच थांबेन, आणि इथे जे होईल ते आईला सांगायचं की नाही हे तू ठरवायचं. ती सज्ञान होती. ती हो म्हणाली.

आधी ताप, नाडी, रक्तदाब बघितला. ताप ९८.४ फॅरेनहाइट, नाडी ८६, रक्तदाब ११०/७०. अंगावर पुरळ नाही, पोट मऊ, दाबल्यावर दुखत नाही. लघवीची गरोदरपणाची चाचणी केली, ती नकारात्मक आली. ही चाचणी मी सगळ्यांचीच करते आणि तसं आधी सांगते, म्हणजे कोणाला संशय घेतल्यासारखं वाटत नाही.

मग नर्सताईंना बोलावलं. त्यांना बाहेरच सांगितलं होतं : वास येईल, चेहरा फिरवायचा नाही, नाकाला हात लावायचा नाही. खिडकी उघडून पडदा ओढला. आतलं दिसावं म्हणून वापरायचं लहान स्पेक्युलम कोमट पाण्यात ओलं करून हळू आत घातलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या मागच्या बाजूला जी खोलगट जागा असते तिथे तो आडवा पडला होता. करड्या-तपकिरी रंगाचा, फुगलेला, आणि दोरी त्याच्याच भोवती दुमडलेली. लांब दांड्याच्या, गोल तोंडाच्या चिमट्याने पकडून सावकाश बाहेर काढला. बाहेर येताच तो हातमोज्याच्या मुठीत घेतला आणि मोजा उलटा करून त्यावरच ओढून घेतला, म्हणजे तो मोज्याच्या आत बंद झाला. त्यावर दुसरा मोजा, गाठ, आणि झाकणाचं भांडं. हे झटपट केलं नाही तर पुढचा तासभर खोलीत कोणाला बसवत नाही, आणि त्या मुलीची मान आणखी खाली जाते.

एवढ्यावर थांबायचं नसतं. पुन्हा नीट बघितलं, मग दोन बोटांनी चारही बाजूंनी चाचपलं, कापसाचा तुकडा किंवा आणखी एखादा राहिला आहे का. नव्हता. आतली त्वचा लाल होती, व्रण नव्हता. गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर दुखत नव्हतं, म्हणजे संसर्ग वर गर्भाशय आणि नळ्यांकडे गेल्याची खूण नव्हती.

मी प्रतिजैविक दिलं नाही. तिला ते पटेना. "एवढा वास होता आणि गोळी नाही?" पण वासाचं कारण त्या झाकणाच्या भांड्यात होतं. ताप नाही, पोटदुखी नाही, तर वस्तू काढणं हाच उपचार. आतला आंबटपणा परत आला की उरलेले जंतू आपोआप मागे हटतात. आतून धुणं बंद, वॉश बंद, बाहेरून फक्त साधं पाणी, आणि एक-दोन दिवस थोडा मळकट स्राव गेला तर घाबरू नको, एवढं सांगितलं. तिसऱ्या दिवसानंतरही वास राहिला तर परत ये. तेव्हा मी पीएच कागदाने तपासणार होते आणि स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून बघणार होते. व्हजायनोसिस असेल तर त्या थेंबाने मासळीचा वास भपकन वर येतो. नऊ दिवसांपूर्वी मी एवढंच केलं असतं, तरी स्पेक्युलम घालताना टॅम्पॉन दिसलाच असता.

ताप असता तर

हे प्रकरण सोपं निघालं, पण एका गोष्टीने ते क्षणात अवघड झालं असतं. आत राहिलेल्या टॅम्पॉनवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वाढला आणि त्याचं विष रक्तात गेलं, तर टॉक्सिक शॉक सिंड्रोम होतो. तो दुर्मिळ आहे. १९८० साली अमेरिकेत खूप जास्त शोषून घेणाऱ्या टॅम्पॉनमुळे त्याचे अनेक रुग्ण एकदम दिसले, तेव्हापासून त्याची दखल घेतली जाते. त्याची सुरुवात वासाने होईलच असं नाही, म्हणून वास नाही म्हणून निर्धास्त राहू नये. एकदम १०२ च्या वर ताप, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं, उन्हाने भाजल्यासारखं लाल पुरळ, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. पाळीत किंवा पाळीनंतर लगेच असं झालं आणि टॅम्पॉन किंवा कप वापरला असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. टॅम्पॉन आत असेल आणि दोरी हाताला लागत असेल तर काढायचा, आणि रात्र असली तरी थेट बेळगावच्या जिल्हा रुग्णालयासारख्या, अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी जायचं. गेल्याबरोबर पहिलं वाक्य हेच सांगायचं की टॅम्पॉन वापरला होता. आपल्याकडे तो वापरणाऱ्या कमी, म्हणून तापाच्या पेशंटला हे कोणी आपणहून विचारेल याची खात्री नाही. पावसाळ्यात तर डेंग्यू समजून दोन दिवस सहज जातील.

ताप वगैरे काही नाही, फक्त शंका आहे, तर घरी एकदा बघायला हरकत नाही. नखं कापून हात धुवायचे, उकिडवं बसायचं, शौचाला करतो तसा जोर द्यायचा आणि दोन बोटांनी दोरी किंवा कापूस लागतो का बघायचं. लागला तर हळू ओढायचा. चिमटा किंवा दुसरं कोणतंही साधन आत घालायचं नाही. हाताला लागला नाही, पण वास आहे, तर डॉक्टरकडे यायचं. ही पाच मिनिटांची तपासणी आहे, भूल लागत नाही, टाके नाहीत.

टॅम्पॉन कधीच हातात न घेतलेल्या बायकांमध्येही असाच सडका वास दोन वेळा मी गांभीर्याने घेते. एक बाळंतपणानंतर, विशेषतः टाके पडले असतील तर, कारण रक्त थांबवायला ठेवलेला गॉजचा तुकडा कधी कधी आत राहून जातो. बाळंतपणातलं रक्त जाणं म्हणून घरात त्या वासाकडे काणाडोळा होतो. दुसरी वेळ पाळी गेल्यावरची : बाईला पुन्हा रक्तमिश्रित, घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर नाही ना हे बघितल्याशिवाय तिला कोणतीही गोळी देऊन पाठवायचं नाही.

सुजाता पाचव्या दिवशी आली. वास दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गेला होता. तपासणीत लाली उतरलेली, स्राव पांढरा आणि थोडा. तिने आईला सगळं सांगितलं होतं. आई बाहेर बसली होती, आत येऊन म्हणाली, "आम्हाला ह्यातलं काय माहीत हो मॅडम, आमच्या वेळी कापड." मग तिनेच मला विचारलं की हे वापरायचं की नाही पुढे. मी म्हटलं, वापरायला हरकत नाही, लग्नाशीही त्याचा संबंध नाही, पण एक काढल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, कमीत कमी शोषणारा घ्यायचा, चार ते आठ तासांत बदलायचा, आणि पाळीच्या शेवटच्या दिवशी, कितीही खात्री असली तरी, एकदा बोटाने बघायचं.

दीड आठवड्याने तिचा फोन आला. पाळीचा दुसरा दिवस होता. "मॅडम, जरा वास यायलाय. लोखंडासारखा." मी विचारलं काय लावलंय. पॅड, सकाळी बदललेलं, ऑफिसातून अजून बदलायला जमलं नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते. मी म्हटलं, बदल, आणि एक तासाने सांग. तासाभराने मेसेज आला, गेला म्हणून.